विहीर तळ केव्हा गाठेल?
लघुतम वर्ग पद्धतीने रेषा कशी शोधतात

मार्च महिना लागला की मराठवाड्यातल्या गावोगावी एकच प्रश्न विचारला जातो. विहिरीला पाणी किती दिवस पुरेल? हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीकडची माणसेही हा प्रश्न विचारतात. या भागात जमिनीखाली काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट आहे. पावसाळ्यात मुरलेले पाणी वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत साठते व उन्हाळ्यात हळूहळू खाली जाते. म्हातारी माणसे विहिरीत डोकावून अंदाज सांगतात. तो पुष्कळदा बरोबरही येतो. पण हाच अंदाज आकड्यांवरून काढायचा असेल तर काय करावे लागेल? आज आपण हेच पाहणार आहोत. त्यासाठी एक दोरी, एक मोजपट्टी आणि थोडे कलनशास्त्र एवढे साहित्य पुरे.

मोजणी

समजा, कळमनुरीच्या परिसरातली एक विहीर आपण निवडली. तिचा तळ काठापासून ९०० सेंटिमीटर खोल आहे. दोरीला दगड बांधून ती खाली सोडायची, दगड पाण्याला टेकला की काठाशी दोरीला गाठ मारायची आणि वर काढून मोजायची. मार्चच्या पहिल्या रविवारपासून दर रविवारी सकाळी, मोटार सुरू होण्याआधी, ही मोजणी केली. पहिल्या रविवारला आपण ० वा आठवडा म्हणू. पुढील आकडे हिशोब सोपा जावा म्हणून घेतले आहेत. तुमच्या विहिरीचे आकडे तुम्ही स्वतः घ्या. रीत हीच राहील.

| आठवडा (x) | काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर, सेंमी (y) |
|---|---|
| ० | ६२० |
| १ | ६३० |
| २ | ६५० |
| ३ | ६९० |
| ४ | ७१० |

आलेख कागदावर हे पाच बिंदू मांडा. ते साधारण एका सरळ रेषेत दिसतात, पण नेमके एका रेषेत नाहीत. दगड पाण्याला टेकल्याचे कधी आधी कळते, कधी नंतर. दोरी थोडी ताणली जाते. शेजारच्या शेतात रात्री उपसा झालेला असतो. अशा लहानसहान कारणांनी बिंदू रेषेच्या वर किंवा खाली सरकतात.

रेषेचे समीकरण तुम्हाला ठाऊकच आहे:

y = a + bx

यात b हा रेषेचा चढ आहे. आपल्या विहिरीच्या बाबतीत दर आठवड्याला पाणी किती सेंटिमीटर खाली जाते, हे तो सांगतो. a हा अंतःखंड; म्हणजे x = ० असताना, पहिल्या रविवारी, रेषेनुसार पाणी काठापासून किती खाली होते ते. हे दोन आकडे हाती आले की a + bx = ९०० असे मांडून विहीर तळ केव्हा गाठेल ते काढता येईल.

कोणाची रेषा खरी?

वर्गात पट्टी ठेवून रेषा काढायला सांगितले, तर प्रत्येकाची रेषा निराळी येईल. एका विद्यार्थ्याने पहिला आणि शेवटचा बिंदू जोडला. त्याची रेषा y = ६२० + २२.५x. एका विद्यार्थिनीने पट्टी सर्व बिंदूंच्या मधोमध धरली. तिची रेषा y = ६१० + २५x. पहिल्याच्या हिशोबाने विहीर सुमारे साडेबारा आठवड्यांत आटेल, तर दुसरीच्या हिशोबाने साडेअकरा आठवडे आणि वर थोडेसे. दोघांत जवळजवळ एका आठवड्याचा फरक पडला. मग दोघांपैकी कोणाचे ऐकावे?

त्यासाठी रेषेची परीक्षा घ्यायला एक माप हवे. प्रत्येक आठवड्याला प्रत्यक्ष मोजलेल्या y मधून रेषेने सांगितलेला आकडा वजा करा. या फरकाला आपण त्रुटी म्हणू:

e = y − (a + bx)

आलेखावर ही त्रुटी म्हणजे बिंदूपासून रेषेपर्यंतचे उभे अंतर. उभेच का? कारण मोजणी कोणत्या रविवारी केली याबद्दल शंका नाही. चूक झाली असेल तर ती खोलीच्या आकड्यात.

आता असे वाटेल की ज्या रेषेच्या त्रुटींची बेरीज शून्य येते ती रेषा चांगली. पण हे माप फसवे आहे. आपल्या पाच नोंदींची सरासरी ६६० आहे. y = ६६० ही आडवी रेषा घ्या. तिच्या त्रुटी −४०, −३०, −१०, ३० आणि ५० येतात. त्यांची बेरीज बरोबर शून्य! म्हणजे पाणी अजिबात खाली जात नाही असे सांगणारी रेषाही या परीक्षेत उत्तीर्ण होते. धन आणि ऋण त्रुटी एकमेकींना खाऊन टाकतात, त्यामुळे असे होते.

चिन्हे काढून टाकून नुसती अंतरे मिळवली तर? ते माप वापरता येते, आणि काही वेळा वापरतातही. पण केवलमूल्याच्या आलेखाला शून्यापाशी टोक असते. त्या टोकावर अवकलज मिळत नाही, म्हणून कलनशास्त्राचे साधे हत्यार तेथे चालत नाही. त्रुटींचे वर्ग केले तर दोन्ही अडचणी दूर होतात. वर्ग कधीच ऋण नसतो आणि त्याचा आलेख सर्वत्र गुळगुळीत असतो. म्हणून आपले माप असे:

S = Σ (y − a − bx)²

Σ या चिन्हाचा अर्थ एवढाच की सर्व नोंदींसाठी ही पदे काढून त्यांची बेरीज करा. ज्या रेषेसाठी S सर्वांत लहान, ती रेषा उत्तम. म्हणूनच या रीतीला लघुतम वर्ग पद्धती म्हणतात.

आपल्या दोन स्पर्धकांना हे माप लावू. विद्यार्थ्याच्या रेषेच्या त्रुटी ०, −१२.५, −१५, २.५, ०, वर्गांची बेरीज ३८७.५. विद्यार्थिनीच्या रेषेच्या त्रुटी १०, −५, −१०, ५, ०. वर्गांची बेरीज २५०. विद्यार्थिनी जिंकली. पण तिच्याहून चांगली रेषा नसेलच कशावरून?

अंतःखंडापुरता विचार

एकदम दोन अज्ञात घेतले की गोंधळ होतो. म्हणून आधी चढ २५ वरच स्थिर ठेवू आणि फक्त a बदलून पाहू. प्रत्येक y मधून २५x वजा केले की ६२०, ६०५, ६००, ६१५ आणि ६१० हे आकडे उरतात. तेव्हा

S = (६२० − a)² + (६०५ − a)² + (६०० − a)² + (६१५ − a)² + (६१० − a)²

S चा a शी आलेख काढला तर तो वर उघडणारा परवलय होईल. a फार लहान घेतला तरी S मोठा, फार मोठा घेतला तरी S मोठा. मध्ये कोठेतरी तळ. त्या तळाशी स्पर्शिका आडवी असते, म्हणजे अवकलज शून्य असतो. (६२० − a)² याचा a च्या संदर्भात अवकलज −२(६२० − a) आहे. पाचही पदांचे असे अवकलज मिळवून

dS/da = −२ (३०५० − ५a)

हे शून्याबरोबर मांडले की a = ३०५० ÷ ५ = ६१०. म्हणजे त्या पाच आकड्यांची सरासरीच! चढ २५ धरला तर अंतःखंड ६१० याहून चांगला असूच शकत नाही. विद्यार्थिनीची नजर खरोखर तयार होती.

आता चढही मोकळा सोडा

पण चढ २५ च असला पाहिजे असे कोणी सांगितले? आता a ला ६१० वर धरून ठेवू आणि b बदलू. (y − a − bx)² याचा b च्या संदर्भात अवकलज काढताना कंसातल्या bx मुळे −x हा गुणक बाहेर येतो. म्हणून

dS/db = −२ Σ x (y − a − bx)

विद्यार्थिनीच्या रेषेसाठी प्रत्येक त्रुटीला तिच्या आठवड्याने गुणून बेरीज करा: ० − ५ − २० + १५ + ० = −१०. म्हणून dS/db = −२ × (−१०) = २०. हा शून्य नाही, धन आहे. याचा अर्थ b वाढवला की S वाढतो आणि b किंचित कमी केला की S कमी होतो. तळ अजून आलेला नाही.

पण b बदलला की आधीचा a उत्तम राहत नाही, आणि a बदलला की b पुन्हा बदलावा लागतो. मग अशी जोडी हवी की जिच्यासाठी दोन्ही अवकलज एकाच वेळी शून्य होतील. एक राशी बदलताना दुसरी स्थिर मानून काढलेल्या अवकलजाला आंशिक अवकलज म्हणतात. नाव नवे असले तरी कृती आपण आत्ताच केली आहे. आता ती कोणत्याही n नोंदींसाठी लिहू:

−२ Σ (y − a − bx) = ०
−२ Σ x (y − a − bx) = ०

−२ ने दोन्ही बाजूंना भागा आणि कंस सोडवा. a ही राशी n वेळा मिळवली की na होते, हे लक्षात ठेवा.

Σy = na + bΣx
Σxy = aΣx + bΣx²

ही दोन साधी एकसामायिक समीकरणे आहेत. वर्गांपासून सुरुवात केली, पण हाती आली ती एकघाती समीकरणे! ती सोडवण्यासाठी पहिल्याला Σx ने आणि दुसऱ्याला n ने गुणून वजाबाकी करा. a नाहीसा होतो आणि

b = (nΣxy − Σx·Σy) ÷ (nΣx² − (Σx)²)

b मिळाल्यावर पहिल्या समीकरणाला n ने भागा. तेथून a = (y ची सरासरी) − b × (x ची सरासरी). याचा अर्थही ध्यानात घेण्याजोगा आहे. उत्तम रेषा नेहमी सरासरीच्या बिंदूतून, आपल्या उदाहरणात (२, ६६०) मधून, जाते.

आपल्या विहिरीचे उत्तर

आता आकडे भरू. n = ५, Σx = १०, Σx² = ० + १ + ४ + ९ + १६ = ३०, Σy = ३३००. Σxy साठी प्रत्येक खोलीला तिच्या आठवड्याने गुणा: ० + ६३० + १३०० + २०७० + २८४० = ६८४०. समीकरणे अशी होतात:

५a + १०b = ३३००
१०a + ३०b = ६८४०

पहिल्याची दुप्पट दुसऱ्यातून वजा केली की १०b = २४०, म्हणून b = २४ आणि a = ६१२. आपली रेषा y = ६१२ + २४x. पाणी आठवड्याला सरासरी २४ सेंटिमीटर खाली जात आहे. त्रुटी ८, −६, −१०, ६, २. त्यांच्या वर्गांची बेरीज २४०. विद्यार्थिनीच्या २५० पेक्षा कमी. त्रुटींची बेरीज शून्य येते आणि आठवड्याने गुणून केलेली बेरीजही (० − ६ − २० + १८ + ८) शून्य येते. हिशोब तपासण्याची ही खात्रीची खूण. या दोन्ही बेरजा शून्य आल्या नाहीत तर कोठेतरी गुणाकार चुकला असे समजावे.

हा तळच आहे कशावरून?

चौकस वाचक येथे अडवील. अवकलज शून्य असतो तो डोंगराच्या माथ्यावरही! मग आपण तळाशी आलो की माथ्यावर? हे पटवण्यासाठी कलनशास्त्राचीही गरज नाही. आपल्या उत्तम रेषेऐवजी कोणतीही दुसरी रेषा घ्या. तिचा अंतःखंड a + p आणि चढ b + q आहे असे म्हणा. तिच्या त्रुटी e − (p + qx) होतील. वर्ग करून बेरीज केली की

Σe² − २pΣe − २qΣxe + Σ(p + qx)²

मधल्या दोन पदांकडे पाहा. Σe आणि Σxe दोन्ही शून्य आहेत, हीच तर आपली दोन समीकरणे होती. म्हणून उरते ते असे:

नव्या रेषेचा S = २४० + Σ(p + qx)²

जे मिळवले आहे ते वर्ग आहेत, ऋण होऊच शकत नाहीत. म्हणजे २४० च्या खाली कोणतीही रेषा जाऊ शकत नाही. ताळा पाहू. विद्यार्थिनीच्या रेषेसाठी p = −२ आणि q = १; p + qx चे आकडे −२, −१, ०, १, २; वर्गांची बेरीज १०. आणि २४० + १० = २५०, बरोबर आधी आले होते तेच! विद्यार्थ्याच्या रेषेचा ताळा (p = ८, q = −१.५) तुम्ही स्वतः करून पाहा.

ही रीत प्रथम छापून प्रसिद्ध केली ती फ्रेंच गणिती लजांद्र याने १८०५ साली, धूमकेतूंच्या कक्षांवरच्या पुस्तकात. गाउस या जर्मन गणितीने १८०९ साली आपल्या ग्रंथात लिहिले की आपण ती १७९५ पासूनच वापरत आहोत, आणि त्यावरून दोघांत मोठा वाद झाला. त्यांच्यापुढे आकाशातल्या गोलांच्या नोंदी होत्या, आपल्यापुढे विहिरीच्या आहेत, समीकरणे तीच.

भाकीत आणि त्यातले धोके

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ६१२ + २४x = ९०० वरून x = १२. म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात विहीर तळ गाठेल. या भागात मोसमी पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो, तोही वेळेवर आला तर. मधल्या पंधरा दिवसांचे पाणी आजच राखले पाहिजे, असे आपली रेषा सांगते. पण तिच्यावर किती विश्वास ठेवावा?

पहिला धोका एका चुकीच्या नोंदीचा. समजा, शेवटच्या रविवारी मोजायला उशीर झाला, मोटार तासभर चालून गेली होती, आणि ७१० ऐवजी ७६० नोंद झाली. पुन्हा हिशोब केला तर b = ३४, a = ६०२ येतो, आणि विहीर पावणेनऊ आठवड्यांतच, मेच्या पहिल्या आठवड्यात, आटणार असे उत्तर मिळते. एका नोंदीने तीन आठवड्यांहून अधिक फरक पाडला! वर्ग केल्यामुळे मोठी त्रुटी फार भारी पडते आणि रेषा तिच्याकडे ओढली जाते. त्यातही टोकाच्या बिंदूचा जोर सर्वांत जास्त, जसा तराफ्याच्या टोकावर बसलेल्या माणसाचा. आणि गंमत अशी की चूक ५० सेंटिमीटरची असली तरी नव्या रेषेपासून त्या बिंदूची त्रुटी फक्त २२ दिसते, कारण रेषाच त्याच्याकडे सरकलेली असते. म्हणून त्रुटी लहान दिसते एवढ्यावर समाधान मानू नये. संशयित नोंद बाजूला ठेवून पुन्हा रेषा काढावी आणि उत्तर किती हलते ते पाहावे. S २४० वरून १४४० वर गेला आहे, हीही एक सूचनाच.

दुसरा धोका अधिक खोल आहे. आपल्या योग्य नोंदींच्या त्रुटींची चिन्हे क्रमाने पाहा: धन, ऋण, ऋण, धन, धन. दोन्ही टोकांना बिंदू रेषेच्या वर, मध्ये खाली. नुसत्या मोजणीच्या चुका असत्या तर चिन्हे कशीही विखुरली असती. असा आकार दिसला की बिंदू वक्रावर तर नाहीत ना, अशी शंका घ्यावी. विहिरीच्या बाबतीत तिला कारणही आहे. वरच्या मुरमात पाणी भरपूर साठलेले असते, त्यामुळे पातळी हळू उतरते. पाणी खालच्या घट्ट कातळात पोचले की साठा फक्त भेगांपुरता उरतो. तेवढाच उपसा केला तरी पातळी भराभर खाली जाते. शेवटच्या दोन आठवड्यांत पाणी आठवड्याला ३० सेंटिमीटर उतरले आहे. हाच वेग राहिला तर विहीर आणखी सव्वासहा आठवड्यांत, मेच्या मध्यावरच, तळ गाठेल. पाच नोंदींवरून वक्र आहे असे निश्चित म्हणता येत नाही, पण बाराव्या आठवड्यावर विसंबूही नये. आणखी चार रविवार मोजणी करा आणि तीच चिन्हे पुन्हा दिसतात का ते पाहा.

महाराष्ट्रात १९७२ साली स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर महिन्यांत, मोजते. एकाच विहिरीच्या अनेक वर्षांच्या मे महिन्यातल्या नोंदी घेतल्या आणि x च्या जागी वर्षे ठेवली की याच दोन समीकरणांतून त्या गावच्या भूजलाचा कल मिळतो. तेथे b धन आला तर पाणी वर्षानुवर्षे खाली चालले आहे असे समजावे.

जाता जाता एक प्रश्न. समजा, पाच विद्यार्थ्यांनी एकाच रविवारी एकाच विहिरीत पाच वेळा मोजणी केली. x सर्वांचा सारखाच. आता b च्या सूत्राचा छेद किती येतो ते काढा. आणि तो तसा का येतो, याचे उत्तर सूत्रात न शोधता विहिरीच्या काठावर उभे राहून शोधा.